प्रकल्प नोंदी: ब्रह्मकमळाचे पहिले फूल आणि त्याच्या छायाचित्राखालच्या ओळी

६ जून

ब्रह्मकमळाच्या एका चपट्या खोडाच्या कडेला, खाचेत, तांदळाच्या दाण्याएवढा लालसर कोंब दिसला आहे. तो कळीचा आहे की नव्या फांदीचा, हे आज सांगता येणार नाही. तरीही नोंदी आजपासूनच सुरू करत आहे, कारण कळी असेल आणि ती टिकली, तर साधारण तीन ते चार आठवड्यांत फूल उमलेल आणि त्या रात्री विचार करायला वेळ मिळणार नाही.

प्रकल्प लहान आहे. फुलाचे एक छायाचित्र घ्यायचे आणि त्याखाली असे कॅप्शन लिहायचे, की ज्यातून हे रोप फुलायला किती काळ लागला आणि त्या काळात कोणती छोटी छोटी यशे पदरात पडली, ते वाचणाऱ्याला कळावे. आत्याने मला या रोपाची फांदी दिली, त्याला आता चौथे वर्ष चालू आहे. तिला हे छायाचित्र पाठवायचे आहे, आणि मग इतरांनाही दाखवायचे आहे.

यातली खरी अडचण लिहिण्याची आहे. छायाचित्रात फक्त शेवट दिसतो. कॅमेरा सेकंदाचा एक अंश टिपतो, आणि ब्रह्मकमळाच्या बाबतीत ते फूलही एकाच रात्रीचे असते: अंधार पडल्यावर उमलते, मध्यरात्रीच्या आसपास पूर्ण भरात असते आणि उजाडेपर्यंत मान टाकते. एका रात्रीच्या फुलाचे क्षणभराचे चित्र काढून त्यातून काही वर्षांची वाट पाहणे दाखवायचे, तर ते काम शब्दांवरच येते. आणि शब्द जर केवळ ‘धीर धरला’ असे म्हणून थांबले, तर वाचणाऱ्याने ते का मानावे, याला काही आधारच उरत नाही.

९ जून

कळीचे निश्चित होण्याआधीच सुचलेल्या ओळी आज कागदावर उतरवल्या, म्हणजे त्या डोक्यातून निघून जातील. ‘सबुरीचे फळ गोड असते’, ‘वाट पाहणाऱ्यालाच फूल दिसते’, ‘अखेर फुलले!’, ‘छोट्या छोट्या पावलांनी मोठा आनंद’. कोणालाही आधी सुचतात त्या याच.

त्यांची पारख करायला एक सोपी रीत वापरली. जवळ असलेली दुसरी छायाचित्रे काढली (एक डोंगरमाथ्याचे, एक पदवीदान समारंभाचे, एक नुकत्याच विणून पूर्ण केलेल्या स्वेटरचे) आणि यातली प्रत्येक ओळ त्यांच्याखाली ठेवून पाहिली. सगळ्या ओळी सगळीकडे बसल्या. जी ओळ स्वेटरखालीही तितकीच शोभते, ती ब्रह्मकमळाबद्दल काहीच सांगत नाही, असा याचा सरळ अर्थ आहे. ‘अखेर फुलले’ ही त्यातल्या त्यात बरी वाटत होती, कारण तिच्यात निदान फुलण्याचा उल्लेख आहे. पण ‘अखेर’ म्हणजे कशाची अखेर, त्याआधी काय काय होऊन गेले, हे तीही सांगत नाही. वाट पाहिल्याचा दावा तिच्यात आहे, वाट मात्र दिसत नाही.

यावरून एक निकष ठरवला. कॅप्शनमध्ये निदान एक गोष्ट अशी हवी, जी याच रोपाच्या बाबतीत घडली आहे आणि जिची खूण शक्य तर चित्रातही दाखवता येईल. ‘धीर’ हा शब्द आला नाही तरी चालेल. त्या खुणेवरून वाचणाऱ्याला तो आपोआप कळला, तर अधिक चांगले.

१३ जून

कळी आहे, हे आज नक्की झाले. ब्रह्मकमळाला नवी फांदी फुटते तेव्हा कोंब टोकदार, बारीक असतो आणि लवकरच चपटा किंवा काठीसारखा लांब होऊ लागतो. कळी मात्र सुरुवातीपासून गोलसर, फुगीर असते, तिच्यावर लालसर खवले दिसतात आणि वाढताना ती खाली झुकते. कालपर्यंत शंका होती. आज कोंब आडवा वाढण्याऐवजी देठासकट खाली वळलेला दिसतो.

ही पाहणी करताना जे हाती लागले, त्याने कॅप्शनचा प्रश्न बराच सुटला, म्हणून ते नीट लिहून ठेवतो.

ज्याला आपण ब्रह्मकमळाचे पान म्हणतो ते खरे तर चपटे झालेले खोड असते. हे रोप निवडुंगाच्या कुळातले आहे, आणि निवडुंगाला ज्या बिंदूंवर काटे असतात तेच बिंदू इथे या चपट्या खोडाच्या कडेवरच्या खाचांमध्ये असतात. कळी आणि नवी फांदी दोन्ही तिथूनच निघतात. एका खाचेतून एकदा फूल येऊन गेले की ती खाच बहुधा पुन्हा फुलत नाही. पुढचे फूल दुसऱ्या खाचेत येते. त्यामुळे जुन्या खोडाची कडा ही रोपाची एक प्रकारची नोंदच असते: कुठे काय आले आणि गेले, हे तिच्यावर वाचता येते.

आजच्या कळीपासून दोन खाचा वर एक लहान, गोल, करडा आणि कोरडा डाग आहे. गेल्या वर्षी या रोपाला पहिली कळी आली ती तिथेच. ती बोटाच्या पेराएवढी झाली, मग तिचा देठ खोडाला चिकटलेल्या जागी पिवळा पडला, आणि एके दिवशी नुसता हात लागला तरी ती सुटून आली. तिची खूण अजून तशीच आहे.

म्हणजे कॅप्शनला हवी ती खूण फुलापासून चार बोटांवर आहे. दोन्ही एका चित्रात आली, तर शब्दांना फक्त तिकडे बोट दाखवायचे काम उरेल.

१४ जून

गळलेली कळी ‘लहान यश’ कशी म्हणायची, यावर आज विचार केला, कारण वरवर पाहता ते अपयशच वाटते.

फांदीपासून लावलेले ब्रह्मकमळ साधारणपणे पहिली दोन-तीन वर्षे फुलत नाही. आधी कापलेल्या टोकाला खपली धरावी लागते, मग मुळे फुटतात, मग काठीसारख्या लांब फांद्या निघतात आणि त्यांना पुढे चपटी खोडे येतात. ही खोडे पक्व झाल्यावरच त्यांच्या खाचांमधून कळी येऊ शकते. शिवाय प्रकाश पुरेसा लागतो: भरपूर उजेड, पण दुपारचे थेट ऊन नको, कारण त्याने खोडे पिवळी किंवा तांबूस पडतात. प्रकाश कमी पडला तर रोप हिरवेगार राहते, लांबच लांब फांद्या टाकते आणि फुलत नाही. नत्र जास्त असलेल्या खतानेही तेच होते. बाहेरून पाहणाऱ्याला असे रोप उत्तम वाढते आहे असेच वाटते, त्यामुळे काही कमी आहे का, हे ओळखायला चिन्ह सापडत नाही.

पहिली कळी हे ते चिन्ह असते. ती टिकली नाही तरी तिने दोन गोष्टी सांगितल्या: खोडे पक्व झाली आहेत आणि कुंडी ठेवलेल्या जागेचा प्रकाश पुरेसा आहे. कळी येण्यापुरते सर्व जमले होते, ती पोसण्याचे तेवढे राहिले होते. माझ्या मते या रोपाच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा तोच होता, यंदाचे फूल नव्हे. त्यानंतर जागा बदलण्याचा मोह झाला होता, आणि ती बदलली नाही ती त्या कळीमुळेच.

हे कॅप्शनमध्ये आले पाहिजे. मुळे फुटली, पहिले चपटे खोड आले, या गोष्टीही आनंदाच्या होत्या, पण सगळ्याच घातल्या तर कॅप्शन म्हणजे यादी होईल, आणि त्यांतल्या एकीचीही खूण चित्रात दिसणार नाही. एकच घ्यावी आणि ती पुरती सांगावी.

१८ जून

कळी बोटाएवढी झाली आहे. गेल्या वर्षीची याच सुमारास गेली होती, म्हणून देठाचा तळ रोज पाहतो. तो हिरवा-लालसर आणि ताठ आहे. तिथे पिवळेपणा दिसू लागला किंवा मानेवर सुरकुती आली, तर कळी जाणार असे समजावे. त्यानंतर सहसा उपाय राहत नाही.

कळी गळण्याची कारणे निरनिराळी असतात. माती पूर्ण सुकून जाणे, उलट कुंडीत पाणी साचून मुळे गुदमरणे, कळी धरल्यानंतर कुंडी फिरवणे किंवा दुसरीकडे नेणे, तापमानात अचानक मोठा फरक पडणे. गेल्या वर्षी यांपैकी नेमके काय घडले ते आता सांगता येत नाही. म्हणून कॅप्शनपुरता एक नियम केला: कळी का गळली आणि यंदा का टिकली, याचे कारण लिहायचे नाही. ‘नियमित पाणी दिले आणि फूल आले’ असे वाक्य वाचायला समाधानकारक वाटते, पण ते सिद्ध करता येणार नाही, आणि ते वाचून कोणी आपल्या कुंडीत रोज पाणी ओतत राहिला तर त्याचे रोप कुजेल. मातीचा वरचा थर सुकला की पाणी द्यायचे, एवढेच सध्या करतो आहे.

२४ जून

कळीची लांब नळी आता खाली लोंबते आहे आणि टोकाला वर वळू लागली आहे. हे टोक पूर्ण वर आले की फूल काही दिवसांवर आले असे समजतात.

आज चित्राची चौकट ठरवली. फुलाचे छायाचित्र बहुतेक जण समोरून घेतात, कारण पाकळ्यांचा पसारा आणि आतले पुंकेसर समोरून उत्तम दिसतात. पण समोरून घेतले तर खोडाची कडा फुलामागे जाते आणि डाग झाकला जातो. म्हणून बाजूने घ्यायचे. बाजूने नळीचा बाकही दिसतो, आणि फूल, खोडाची कडा व डाग कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर राहतात, त्यामुळे तिन्ही स्पष्ट येण्याची शक्यता वाढते.

मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड बंद ठेवायचा आहे. तो फूल ओळखून बाकीचे सारे धूसर करतो, आणि आपल्याला जे दाखवायचे तेच नेमके त्या धूसर भागात जाते. फोन फार जवळ नेल्यासही हीच अडचण येते, म्हणून दोन-तीन फूट मागे राहून दुप्पट झूम वापरायचे.

कुंडीला हात न लावता, फक्त फोन आणि दिवा हलवून आज कळीवर चाचणी घेतली. फ्लॅशने डाग चकाकतो आणि सपाट दिसतो. दिवा बाजूने, जरा वरून आला की त्याच्या कडेला सावली पडते आणि तो खोलगट आहे हे कळते.

१ जुलै, रात्री

आज उमलले.

दुपारपासूनच कळी फुगली होती आणि टोकाशी सैल दिसत होती. संध्याकाळी बाहेरचे लालसर, अरुंद दल सुटू लागले. अंधार पडल्यावर टोकाला बोट जाईल एवढी फट झाली, आणि मग ती डोळ्यांदेखत वाढत गेली. सुगंध फूल अर्धे उमलल्यावर जाणवला, आणि नंतर खोलीभर झाला. रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी हे पांढरेपण आणि हा वास असतो.

पूर्ण उमललेल्या फुलात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पाकळ्या शुद्ध पांढऱ्या, पण पातळ असल्याने मागून उजेड आला की त्यांच्या शिरा दिसतात. पुंकेसर अनेक, फिकट, वर्तुळात मांडल्यासारखे, आणि मधून एक जाड पांढरा दांडा पुढे येतो, ज्याच्या टोकाला ताऱ्यासारखे फाटे असतात.

छायाचित्राचा मुख्य त्रास पांढऱ्या रंगाचा होता. अंधारी चौकट पाहून फोन प्रकाश वाढवतो, आणि पाकळ्यांची शिरांसकट एक सपाट पांढरी चकती होऊन जाते. फुलावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश तिथेच बांधला आणि मग प्रकाशाची पट्टी खाली ओढली. पाकळ्यांच्या शिरा दिसू लागल्या तेव्हा थांबलो. पण तेवढ्या कमी प्रकाशात खोडाचा डाग अंधारात गेला. त्यावर पांढरा पुठ्ठा खोडाच्या बाजूला धरून दिव्याचा उजेड त्यावरून डागावर परतवला. फोन स्टँडवर होता म्हणूनच एक हात पुठ्ठ्याला मोकळा राहिला. दिवा पिवळसर असल्याने फूल मलईसारखे दिसत होते. पांढऱ्या रंगाची छटा हाताने थंड बाजूला सरकवल्यावर ते डोळ्यांना दिसत होते तसे झाले.

शेवटी फोन बाजूला ठेवला आणि उरलेला वेळ नुसते फूल पाहिले.

२ जुलै

सकाळी फूल मिटून लोंबत होते. छायाचित्रे पाहून निवड केली.

सर्वांत देखणे चित्र समोरून घेतलेले आहे. फूल चौकटभर, पार्श्वभूमी काळी, पुंकेसर स्वच्छ. ते निवडले नाही. त्याच्याखाली जे काही लिहावे ते फुलाच्या सौंदर्याबद्दलच होते, कारण त्यात दुसरे काही दिसतच नाही. निवडलेल्या चित्रात फूल चौकटीच्या खालच्या डाव्या भागात आहे, त्याची नळी बाक घेऊन खोडाच्या कडेला पोहोचते, आणि तिथून दोन खाचा वर तो करडा डाग, लहान पण स्पष्ट, दिसतो. चौकटीतली रिकामी जागा थोडी कापली. त्यापेक्षा जास्त कापले असते, तर डाग कडेला जाऊन नजरेतून सुटला असता.

डागावर बाण किंवा वर्तुळ काढावे का, असा प्रश्न होता. काढले नाही. ते काम कॅप्शनच्या पहिल्याच वाक्याने करायचे आहे. वाचून पुन्हा चित्राकडे पाहावे लागले, की वाचणारा ती खूण स्वतः शोधून काढतो, आणि मग ती त्याच्या लक्षात राहते.

३ जुलै

पहिला मसुदा:

“ब्रह्मकमळाचे पहिले फूल परवा रात्री उमलले. गेल्या वर्षी आलेली पहिली कळी गळली होती आणि मी खूप निराश झालो होतो, पण प्रयत्न सोडले नाहीत. यंदा त्याच खोडावर पुन्हा कळी आली आणि ती टिकली. छोट्या छोट्या गोष्टींवर विश्वास ठेवायला या रोपाने शिकवले.”

आत्याला हा वाचून दाखवला. तिने एकदा ऐकले, चित्र पाहिले आणि म्हणाली, “कळी गळली हे तू सांगतोस, पण मला ती कुठे होती ते दिसत नाही. आणि शेवटचं वाक्य कशाला? फूल बघून मला जे वाटायचं ते वाटू दे की.”

दोन्ही गोष्टी पटल्या. पहिले वाक्य चित्रात दिसते तेच सांगते, म्हणून ते वाया गेले आहे. फूल उमलले हे वाचणाऱ्याला आधीच दिसले आहे. निराशेचे वाक्य माझ्याबद्दल आहे, रोपाबद्दल नाही. शेवटचे वाक्य तर ९ जूनच्या चाचणीत पहिल्याच फेरीत बाद झाले असते. उरते ते तिसरे वाक्य, आणि त्यातही जागा नेमकी सांगितलेली नाही.

मग आत्याने विचारले, “कळी गळाल्यावर कुंडी का नाही हलवलीस? मी असते तर दुसऱ्या खिडकीत नेली असती.” तिला कारण सांगितले: कळी आली म्हणजे प्रकाश पुरेसा होता. ती म्हणाली, “मग हेच लिही. हे मला माहीत नव्हतं.” जिने आयुष्यभर रोपे वाढवली, तिला जे नवे वाटले, ते कॅप्शनमध्ये असलेच पाहिजे.

४ जुलै

दुसरा मसुदा लिहिताना क्रम उलटा केला. आधी डाग, मग त्याचा अर्थ, मग फूल. चित्रात नजर आधी फुलावर जाते, म्हणून शब्दांनी दुसरीकडून सुरुवात केली तर दोघांचे मिळून काही नवे सांगून होते.

फोनवर पोस्ट पाहताना कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच आधी दिसतात आणि पुढचे वाचायला बोट लावावे लागते. म्हणून खुणेचा उल्लेख पहिल्या वाक्यातच हवा. देवनागरीत लिहिताना हेही ध्यानात ठेवावे लागते, की अक्षरे मोजताना मात्रा आणि हलन्त वेगळे धरले जातात. ‘खूण’ हा दोन अक्षरी शब्द मोजणीत तीन होतो. एकूण मर्यादेची इथे अडचण नाही, पण पहिले वाक्य आखूड ठेवायला ते एक कारण आहे.

नावाबद्दलही निर्णय घ्यायचा होता. हिमालयात ब्रह्मकमळ नावाने ओळखली जाणारी वनस्पती वेगळी आहे. ती सूर्यफुलाच्या कुळातली आहे आणि उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. कुंडीत रात्री फुलणारे हे रोप मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. आपल्याकडे घरोघरी त्याला ब्रह्मकमळच म्हणतात, म्हणून तेच नाव ठेवले आणि शेवटच्या ओळीत शास्त्रीय नाव दिले. एवढ्याने घोटाळा टळतो. कॅप्शनमध्येच त्याची चर्चा सुरू केली, तर धागा तुटेल.

‘पान’ लिहावे की ‘खोड’? ‘पान’ सर्वांना ओळखीचे आहे, पण चुकीचे आहे. ‘चपटे खोड’ असे लिहिले तर बरोबरही आहे आणि चित्र पाहणाऱ्याला ते लगेच सापडते.

६ जुलै

अंतिम कॅप्शन:

“फुलापासून दोन खाचा वर, चपट्या खोडाच्या कडेला एक करडा डाग आहे. गेल्या वर्षी या रोपाची पहिली कळी तिथे आली होती, आणि उमलण्याआधीच गळली.

ती कळी आली, तेव्हा कळले की रोप फुलण्याच्या वयाचे झाले आहे आणि या खिडकीचा प्रकाश त्याला पुरतो. म्हणून कुंडी हलवली नाही. यंदाची कळी टिकली.

ब्रह्मकमळ, एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. आत्याने दिलेल्या फांदीचे चौथे वर्ष. १ जुलैला रात्री उमलले, २ जुलैला सकाळी मिटले.”

यातला एकही शब्द स्वेटरखाली चालणार नाही. ‘यंदाची कळी टिकली’ हे मुद्दाम सर्वांत आखूड वाक्य आहे. तिथे ‘आणि अखेर’ किंवा उद्गारचिन्ह घालून पाहिले, तर ते वाक्य चित्रातल्या फुलाशी स्पर्धा करू लागते. उमलण्याची आणि मिटण्याची तारीख शेजारी ठेवली, म्हणजे इतकी वर्षे आणि एक रात्र यांतले अंतर वाचणारा स्वतः मोजेल.

पर्यायी मजकूर वेगळा लिहिला. ज्यांना चित्र दिसत नाही आणि जे ते स्क्रीन रीडरवर ऐकतात, त्यांच्यासाठी तो असतो, आणि त्यात चित्रात आहे तेवढेच सांगायचे असते: “काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने दिसणारे मोठे पांढरे ब्रह्मकमळ. त्याची लालसर, वर वळलेली नळी एका चपट्या हिरव्या खोडाच्या कडेवरच्या खाचेतून निघते. दोन खाचा वर, त्याच कडेला एक लहान करडा डाग.” डाग इथे वगळला असता, तर ऐकणाऱ्याला कॅप्शनचे पहिले वाक्य कशाबद्दल आहे ते कळले नसते.

छायाचित्र आणि मजकूर आत्याला पाठवला. तिचा फोन आला तेव्हा तिने आधी विचारले, की तिच्याकडच्या रोपाच्या कडेला असे डाग किती आहेत ते बघायला दिवसाचा उजेड बरा की दिव्याचा. मी तिला दिवा बाजूने धरायला सांगितले.